आमची वाटचाल : हॉलसाठी लिहिलेलं दोन पानी पत्र

आमचे हस्तकलेचे वर्ग सांगलीत शाळांच्या हॉलमध्ये भरतात. स्वतःची जागा नाही आणि घ्यायची घाईही नाही. व्यवसायाच्या फाईलमधला सगळ्यात जुना कागद म्हणजे जून 2023 मधलं एका गृहिणीचं मुख्याध्यापिकांना लिहिलेलं पत्र. त्याच्या दोन प्रती फाईलला आहेत. पहिली अर्ध्या पानाची, जी नाकारली गेली, आणि दुसरी दोन पानांची, जी मंजूर झाली. या दोन प्रतींमधला फरक इथे मांडतो, कारण बायका आमच्याकडे विचारायला येतात त्या बहुतेक पहिल्यासारखंच पत्र घेऊन येतात.

पहिल्या पत्रात वर्गाचं कौतुक होतं, महिला सक्षमीकरण होतं आणि शेवटी ‘योग्य ते भाडे देण्यास तयार आहे’ असं वाक्य होतं. वाचणाऱ्याला यातून काहीच ठरवता येत नाही. मुळात संस्थेच्या शाळेत हॉल द्यायचा अधिकार एकट्या मुख्याध्यापकांना बहुधा नसतो. ते अर्ज शाळा समितीपुढे ठेवतात, तिथून तो संस्थेच्या सचिवांकडे जातो. म्हणजे पत्र अशा बैठकीत वाचलं जाणार, जिथे आपण नसतो. तिथे जे प्रश्न निघतील त्यांची उत्तरं कागदावरच हवीत. भाडं किती हा त्यातला शेवटचा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असतो, ‘रात्री कुलूप कोण लावणार?’

मंजूर झालेल्या पत्राचा मुख्य भाग असा होता :

‘विषय : शाळेचा हॉल सोमवार, बुधवार व शुक्रवार सायंकाळी 6 ते 8 या वेळेत प्रौढ महिलांच्या हस्तकला वर्गासाठी वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,
दुपारचे सत्र साडेपाचला सुटते व हॉल त्यानंतर बंद असतो, असे समजले. त्या वेळेत 18 वर्षांवरील जास्तीत जास्त 20 महिलांचा वर्ग घेण्याची इच्छा आहे. मागणी फक्त वापराच्या परवानगीची आहे. हॉलचा ताबा व किल्ली शाळेकडेच राहील. परवानगी 11 महिन्यांची असावी. प्रत्येक संध्याकाळचे 300 रुपये, ज्या दिवशी हॉल वापरला त्याच दिवसांचे, महिनाअखेरीस संस्थेच्या खात्यात जमा करीन व पावती घेईन. शिपाई मामांच्या जादा वेळेचे प्रति संध्याकाळ 100 रुपये संस्थेकडेच भरीन. नुकसानभरपाईसाठी 5000 रुपये अनामत ठेवीन. शाळेला हॉल लागेल त्या दिवशी वर्ग होणार नाही, आदल्या दिवशी दुपारपर्यंत निरोप पुरे.’

‘वापराची परवानगी’ आणि ‘ताबा शाळेकडे’ हे शब्द मुद्दाम आहेत. शाळेच्या संस्थेसारख्या सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संध्याकाळच्या दोन तासांचा त्याच्याशी संबंध नाही, पण पत्रात नुसतं ‘हॉल भाड्याने मिळावा’ असं दिसलं की समितीतल्या एखाद्या वकील सदस्याला तेच आठवतं आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. पुढची बैठक दोन महिन्यांनी असते.

मामांचे पैसे थेट त्यांच्या हातात देऊ नयेत. अनुदानित शाळेतला कायम नेमणुकीचा शिपाई शासनाच्या पगारावर असतो; त्याने शाळेच्या आवारात बाहेरच्या माणसाकडून रोज रक्कम घेतली तर उद्या कोणीही बोट ठेवेल, आणि पहिला अडचणीत येईल तो मामाच. संस्थेने घ्यावेत आणि संस्थेने द्यावेत.

विजेचा मुद्दा बैठकीत हमखास निघतो, म्हणून पत्राच्या दुसऱ्या पानावर हिशोबच दिला होता. हॉल 40 बाय 25 फुटांचा. सहा पंखे प्रत्येकी 75 वॅटचे आणि आठ एलईडी नळ्या 20 वॅटच्या, मिळून 610 वॅट. दोन तासांचे सव्वा युनिट. युनिट 15 रुपयांनी धरलं तरी एका संध्याकाळची वीज 20 रुपयांच्या आत. हा आकडा वाचल्यावर विजेवरची चर्चा थांबते. ग्लू गन किंवा इस्त्री लागणारा प्रकार शिकवणार असाल तर तेही याच पानावर लिहा. मागाहून एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन गेलात तर हा हिशोब खोटा ठरतो.

आता आपल्या बाजूचं गणित. महिन्याला 12 संध्याकाळी धरल्या तर हॉलचे 3600, मामांचे 1200, मदतनीस बाईंचे 3000 आणि सामानाच्या रिक्षाचे 600. एकूण 8400 रुपये, वर्गात कितीही जणी असोत. फी माणशी 900, त्यातलं 250 चं सामान. हाती राहतात 650. म्हणजे 12 जणींपर्यंत पदरचे घालावे लागतात, तेराव्या नावाला खर्च निघतो, आणि 20 जणी झाल्या तर 4600 उरतात. हे गणित पत्रात द्यायचं नाही, पण पत्र लिहिण्याआधी करायचं. महिन्याचं ठोक भाडं न सांगता दर संध्याकाळचं का सांगितलं, तेही यातूनच कळतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असेल तर बाकांवर आसन क्रमांक चिकटतात आणि हॉल आठवडेच्या आठवडे उघडत नाही. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी असतात. निवडणूक लागली की शाळा मतदान केंद्र होते. 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा मतदानाला हॉल त्या दिवशी तर गेलाच, आदल्या संध्याकाळी मुक्कामाला आलेल्या पथकासाठीही गेला. ठोक भाडं असतं तर हे सगळे दिवस आपल्या अंगावर पडले असते.

एवढं सगळं हॉलसाठीच का, घरात का नाही, याचं उत्तर आकाशकंदिलात आहे. पत्रात पहिल्या सत्रासाठी तोच विषय दिला होता आणि त्यासाठी एक वेगळं कलम घालावं लागलं.

आपला पारंपरिक कंदील म्हणजे बांबूच्या कामट्यांचे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा बांधलेले. एका कंदिलाला 24 कामट्या लागतात. नऊ इंची कामटी घेतली तर तयार कंदील या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दीड फूट भरतो. चौकोन जोडले की त्यांच्यामध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की त्रिकोण झाले म्हणजे सांगाडा ताठ झाला. तो होत नाही. चौकोन मोकळे असतात तोवर सगळा सांगाडा हातात धरून पिळला की पिळला जातो, कारण चार काड्यांच्या चौकोनाला कोपऱ्यात कलंडण्यापासून अडवणारं काहीच नसतं. अशा पिळलेल्या सांगाड्यावर कागद चिकटवला की तो पीळ कायमचा बसतो, आणि टांगल्यावर कंदील एका अंगाला मान टाकतो.

त्याला उपाय सोपा आहे. प्रत्येक चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन दोरे ताणून बांधायचे. नऊ इंची चौकोनात दोन्ही दोरे पावणेतेरा इंच भरले पाहिजेत. एक तेरा आणि एक साडेबारा आला तर चौकोन कलंडलेला आहे, गाठ सैल करून पुन्हा. कामट्या लहानमोठ्या असतील तर दोरेही जुळत नाहीत, म्हणून वीस जणींच्या 480 कामट्या एकाच मापाची काडी ठेवून कापायच्या. आधीच्या कामटीवरून पुढची मापत गेलं की दहाव्या कामटीला पाव इंचाचा फरक पडलेला असतो.

पतंगी कागद खळीने ओला झाला की सैल पडतो आणि वाळताना आवळतो. हे आवळणंच शेवटी सांगाड्याला ताठ करतं. म्हणून कागद लावल्यावर दोरे लगेच कापायचे नाहीत, रात्रभर वाळू द्यायचं आणि मग वरच्या उघड्या चौकोनातून हात घालून काढायचे. ओला कंदील स्कूटरवरून घरी नेला तर वाटेत एक तरी त्रिकोण फाटतो, आणि न फाटलाच तर पिळतो. आणि वीस ओले कंदील एका घरात ठेवायला जागा नसते.

त्यामुळे पत्रातलं ते कलम : ‘सत्रातील एका रात्री, शक्यतो शुक्रवारी, ओले कंदील हॉलमध्ये टांगून ठेवण्यास परवानगी असावी. खिडक्यांच्या गजांना आठ फुटांवर दोन दोऱ्या बांधू. शनिवारी सकाळी शाळा भरण्यापूर्वी सर्व उतरवून नेऊ.’ दीड फुटी कंदिलाला दोरीवर दोन फूट धरले तर एका दोरीवर दहा, म्हणजे 20 फूट लागतात. चाळीस फुटी हॉलमध्ये त्या आरामात बसतात. आठ फुटांची उंची अशासाठी की उतरवायला उशीर झालाच तर प्रार्थनेला आलेल्या मुलांच्या डोक्याला ते लागू नयेत. मुख्याध्यापिकांनी या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली होती आणि परवानगीच्या पत्रात ‘सकाळी सात वाजेपर्यंत’ अशी वेळ घातली.

खळीची गोष्ट वेगळी. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवायची. ती शाळेत शिजवायची नाही, घरून डब्यात न्यायची. झुरळं लागू नयेत म्हणून जुने लोक तीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, शाळेच्या आवारात नको. त्याऐवजी उरलेली खळ त्याच रात्री परत न्यायची आणि सांडलेली ओल्या फडक्याने लगेच पुसायची. शहाबादी फरशीच्या सांध्यात वाळलेली खळ सकाळी दिसत नाही, पण आठवड्याभरात तिथे मुंग्यांची रांग लागते, आणि ती रांग मामांना आधी दिसते. खाली वर्तमानपत्र अंथरून भागत नाही, तेच फरशीला चिकटतं. प्लास्टिकची ताडपत्री अंथरायची, तीही शाळेच्या सतरंजीवर नाही, सतरंजी गुंडाळून ठेवून नुसत्या फरशीवर.

चमकी मात्र पूर्ण बंद. एकदा ती हॉलभर पसरली की पंख्याच्या वाऱ्याने महिनाभर मुलांच्या गणवेशावर सापडत राहते.

पत्राला शेवटी एक जोडपत्र होतं, हॉलमधल्या वस्तूंची यादी : पंखे सहा, नळ्या आठ, खुर्च्या साठ, सतरंज्या चार, फळा एक, आणि आधीच तडा गेलेली खिडकीची काच एक. तडा गेलेली काच पहिल्या दिवशी मामांसमोर लिहून घेतली नाही तर सहाव्या महिन्यात ती अनामतीतून कापली जाते. यादीवर दोघांच्या सह्या, एक प्रत शाळेला. रोज आठ वाजून दहा मिनिटांनी कुलूप लागण्याआधी दाराजवळून हॉलचा एक फोटो काढून तो मामांना आणि मुख्याध्यापिकांना पाठवायचा, हे पत्रात नव्हतं. ते समितीने परवानगी देताना घातलं आणि आता आम्ही प्रत्येक नव्या शाळेच्या पत्रात ते स्वतःहून लिहितो.