बोट मागे घेतलं तेव्हा

"आम्ही 'छान दिसतोस' म्हटलं की तुझा नवरा उलट आणखी चिडतो. मग त्याला तुझं कौतुक पटतं कसं? तू नेमकं म्हणतेस काय?"

दर वेळी पटतं असं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण विचारणाऱ्यांना वाटतं की माझ्याकडे एखादं हमखास वाक्य आहे आणि मी ते लपवून ठेवलंय. तसं वाक्य नाही. उलट कितीतरी वर्षं मी चुकीचंच बोलत होते, आणि तेही अगदी मनापासून.

त्याच्या गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत, हे तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणायचे, "अरे, दिसतसुद्धा नाहीत." एका संध्याकाळी आम्ही बाहेर निघालो होतो. तो न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा होता आणि दिवा बरोबर डोक्यावर होता. वरून उजेड पडला की प्रत्येक खड्ड्यात सावली साचते आणि आहेत त्यापेक्षा ते दुप्पट खोल दिसतात. त्याने विचारलं, "खूप दिसताहेत का?" मी मोबाइलवर पत्ता शोधत होते. मान वर न करताच म्हटलं, "अजिबात नाही, मस्त दिसतोयस."

तो बाहेर आला. काही न बोलता त्याने माझा हात धरला आणि माझं बोट स्वतःच्या डाव्या गालावर टेकवलं, कानाच्या थोडं खाली, जिथे खड्डा सगळ्यात खोल आहे. "इथे काय आहे?" मी गप्प. बोट त्या खोलगट जागेत बसलं होतं. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी बोट मागे घेतलं.

किळस आली म्हणून नाही, खोटं पकडलं गेलं म्हणून. हा फरक मला माहीत आहे, त्याला कसा कळणार? त्याला एवढंच दिसलं की बायकोने हात काढून घेतला. आम्ही त्या दिवशी बाहेर गेलो नाही. त्यानंतर बरेच महिने तो माझ्यासमोर दाढी करत नसे.

तेव्हाची मी आजच्या मला अजूनही विचारते, प्रेम आहे ना, मग शब्द कशाला तोलायचे? या प्रश्नात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नवरा-बायकोत इतकं जपून बोलावं लागावं, याचा मलाही कंटाळा येतो. पण त्याच्या बाजूने बघितलं तर "दिसतच नाहीत" याचे दोनच अर्थ निघतात. एक तर ही मला नीट बघत नाही, किंवा बघते आणि खोटं बोलते. तिसरा अर्थ नाहीच. आणि जो माणूस स्वतःला कुरूप समजतो, त्याला "तू सगळ्यात देखणा" असली मोठी स्तुती तर अजिबात पचत नाही. त्याच्या मनातल्या चित्राशी ती इतकी विसंगत असते की तो तिच्याशी वाद घालत बसतो. शेवटी आपणच त्याच्याकडून त्याच्या कुरूपतेचे पुरावे गोळा करून घेतो.

मी बदललं ते एवढंच. खड्ड्यांबद्दल खोटं बोलणं बंद केलं. त्याने विचारलं तर म्हणते, "आहेत, वरच्या उजेडात जास्त दिसतात." एवढं कबूल केलं की पुढचं वाक्य ऐकून घ्यायला तो तयार असतो. ते वाक्य खड्ड्यांबद्दल नसतं. ते अशा गोष्टीचं असतं जी त्याला स्वतःला पडताळून बघता येईल आणि जी दुसऱ्या कुणाला जशीच्या तशी म्हणता येणार नाही. उदाहरणार्थ, त्याला एखादी गोष्ट पटलेली नसली की तोंडाने "हं" म्हणायच्या आधी त्याची डावी भुवई वर जाते. एकदा मी म्हटलं, "तुझी भुवई वर गेली की मला कळतं तू माझं नीट ऐकतोयस, नुसती मान डोलवत नाहीयेस. म्हणून बोलताना मी तुझ्या तोंडाकडे बघत राहते." तो म्हणाला, "काहीतरीच." पण दोन दिवसांनी स्वतःच बोलता बोलता थांबला, "आत्ता गेली ना वर?" 'देखणा' या शब्दाने हे कधी झालं नव्हतं.

त्यातला "म्हणून" महत्त्वाचा. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात स्वतःला कमी लेखणाऱ्यांना जोडीदाराने केलेलं एखादं कौतुक आठवायला सांगितलं होतं. ते केव्हा, कुठे घडलं एवढंच ज्यांनी सांगितलं, त्यांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. जोडीदाराला ते का आवडलं आणि आपल्यासाठी त्याचा अर्थ काय, हे ज्यांना मांडायला लावलं, त्यांना नात्यात जास्त सुरक्षित वाटलं. मी हे वाचलं ते भुवईच्या प्रसंगानंतर, आणि वाचून थोडी रडले. इतकी वर्षं मी 'काय' तेवढं सांगत होते, 'का' कधी सांगितलंच नव्हतं.

वेळेचंही तसंच. विचारल्यावर दिलेलं उत्तर त्याच्या दृष्टीने उत्तरच असतं, कौतुक नव्हे. म्हणून मी न विचारता बोलते, आरशापासून लांब, आणि एका वेळी एकच गोष्ट.

फोटोंचा त्रास मात्र वेगळा होता. "फोटोत माझा चेहरा वाकडा येतो." मी आधी "नाही रे" म्हणायचे. मग कळलं की तो आयुष्यभर स्वतःला आरशात उलटा बघत आलाय, म्हणून सुलटा चेहरा त्याला परका वाटतो. 1977 च्या एका प्रयोगात हेच दिसलं होतं. लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटी. मी त्याला म्हटलं, "तुला फोटोतला जो चेहरा नको वाटतो, तोच मी रोज बघते. आरशातला तुझा, मला ओळखीचा नाही." त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. तो फोटो त्याने खोडला नाही, एवढं मी पाहिलं.

तरीही वाईट दिवस येतात. एकच प्रश्न शब्द बदलून चौथ्यांदा आला आणि दर उत्तराचा दिलासा आधीपेक्षा लवकर विरला, तर माझं पाचवं उत्तरही फुकट जाणार, हे मला आता कळतं. तेव्हा चिडून "सांगितलं ना!" म्हणायचं नाही, असं आम्ही एका शांत दिवशी ठरवलंय. मी म्हणते, "माझं उत्तर तेच आहे. ये, बस माझ्याजवळ." कधी बसतो, कधी नाही. आणि ज्यांच्या घरी आरशासमोर तासन्‌तास जातात, बाहेर पडणं बंद होतं, त्यांनी माझ्या वाक्यांवर विसंबू नये. तो शरीरप्रतिमेचा विकार असू शकतो. त्यावर विचार-वर्तन उपचार आणि औषधं आहेत. तिथे जोडीदाराने पुन्हा पुन्हा दिलेला दिलासा आजाराला खतपाणीच घालतो.

तो गाल? मागच्या महिन्यात तो झोपलाय असं समजून मी त्याच जागी बोट ठेवलं. तो जागा होता. "काय करतेस?" मी म्हटलं, "काही नाही." बोट काढलं नाही. पण त्या खड्ड्याला मला हात का लावावासा वाटला, हे मात्र मला अजून सांगता आलेलं नाही.