वंश असताना करार कशासाठी?

"बायबलमधले इस्राएल लोक एकाच पूर्वजाचे वंशज होते ना? मग त्यांना पुन्हा पुन्हा करार का करावा लागला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण जुना करार शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतो आणि वर्गातल्या पाच मिनिटांत त्याला न्याय देता येत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की या ग्रंथांनी वंशावर कधीच पूर्ण भरवसा ठेवला नाही. समाज कोणाचा आणि त्यात कोण येतो, हे ठरवण्यासाठी त्यांना जन्माखेरीज दुसरी एखादी कृती हवी होती, आणि ती कृती म्हणजे सर्वांसमोर घेतलेली शपथ.

यहोशवाच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय पाहा. शखेम येथे इस्राएलच्या सर्व शाखा जमल्या आहेत आणि मोशेनंतरचा त्यांचा पुढारी यहोशवा त्यांना त्यांचा इतिहास सांगतो. पण त्याचे पहिलेच वाक्य असे आहे की तुमचे पूर्वज, अब्राहामाचा बाप तेरह, नदीपलीकडे राहून अन्य देवांची सेवा करीत होते. ज्या पूर्वजांमुळे आपण एक आहोत असे लोकांना वाटते, त्यांच्याकडूनच चुकीचा वारसाही मिळू शकतो, हे त्याने आरंभीच मांडले आहे. त्यानंतर तो त्यांना म्हणतो की कोणाची सेवा करायची ते आज निवडा. नुसत्या वंशाने प्रश्न सुटत असता तर निवडायला सांगण्याचे कारण उरले नसते. निर्गमाच्या बाराव्या अध्यायातही मिसरातून निघालेल्यांबरोबर मिश्र लोकांचा मोठा जमाव होता अशी नोंद आहे. म्हणजे सीनाय पर्वतापाशी देवाशी करार करायला जे उभे राहिले ते सगळे याकोबाच्या रक्ताचे नव्हते, हे ग्रंथालाच मान्य आहे.

या विचाराची सर्वांत धीट मांडणी अनुवाद या पुस्तकात सापडते. मोशे मवाबाच्या मैदानात बोलत आहे. होरेब म्हणजेच सीनाय पर्वतापाशी जी लढण्याजोगी पिढी होती ती अरण्यात संपून गेल्याचे हेच पुस्तक दुसऱ्या अध्यायात सांगते. तरीही पाचव्या अध्यायात मोशे म्हणतो की परमेश्वराने हा करार आमच्या पूर्वजांशी केला नाही, तर आज येथे जिवंत असलेल्या आपणा सर्वांशी केला. ऐतिहासिक अर्थाने पाहिले तर हे विधान टिकत नाही, आणि लेखकाला ते ठाऊक असले पाहिजे. पुढे एकोणतिसाव्या अध्यायात तो बरोबर उलट दिशेने जातो: हा करार मी केवळ तुमच्याशीच नाही, तर जे आज आपल्याबरोबर येथे नाहीत त्यांच्याशीही करीत आहे. त्याच सभेत वडीलधारे, मुले, स्त्रिया आणि छावणीतला परका, लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंत, सगळे उभे आहेत. ही दोन वाक्ये एकमेकांसमोर ठेवून वाचावीत. पहिल्यात मृतांचा करार जिवंतांचा होतो, तर दुसऱ्यात जिवंतांचा करार अजून न जन्मलेल्यांवर बंधनकारक होतो. करार संमतीवर उभा असतो असे म्हणायचे आणि ज्यांनी संमती दिलीच नाही त्यांनाही त्यात बांधायचे, हा ताण या पुस्तकाने लपवलेला नाही. त्यावर त्याचा उपाय पुनरुच्चाराचा आहे: एकतिसाव्या अध्यायात दर सात वर्षांनी मंडपांच्या सणात हे नियमशास्त्र सर्वांसमोर, मुले व परके यांच्यासह, वाचून दाखवण्याची आज्ञा आहे, म्हणजे ज्यांना ते ठाऊक नाही ती मुले ते ऐकतील.

न जन्मलेल्यांना बांधण्याची ही भाषा इस्राएलची स्वतःची नव्हती. अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याने इ.स.पू. 672 मध्ये आपला मुलगा अशुरबानिपाल याला वारस नेमले आणि मांडलिकांकडून निष्ठेची शपथ घेतली. तिच्या मृत्तिकापट्ट्या 1955 मध्ये निमरूद येथे सापडल्या, आणि आणखी एक प्रत 2009 मध्ये तुर्कस्तानातील तेल तायिनात येथे एका मंदिराच्या आतल्या दालनात मिळाली. ती शपथ मांडलिकांना, त्यांच्या मुलांना, नातवंडांना आणि पुढे जन्मणाऱ्यांना लागू होती. अशुरबानिपालावर स्वतःसारखे प्रेम करा, असे ती सांगते. भाऊ, मुलगा, मुलगी किंवा भविष्यवादी यांच्या तोंडून राजद्रोहाचा शब्द ऐकलात तर तो लपवू नका, असेही ती बजावते. आता अनुवादाचा तेरावा अध्याय उघडा: संदेष्टा, भाऊ, मुलगा, मुलगी, बायको किंवा जिवलग मित्र अन्य देवांकडे वळवू लागला तर त्याला पाठीशी घालू नका. अठ्ठाविसाव्या अध्यायातले शापही तसेच आहेत. डोक्यावरचे आकाश पितळेचे व पायाखालची भूमी लोखंडाची होईल, हा शाप दोन्हीकडे आढळतो. यहूदाचा राजा मनश्शे याचे नाव एसर-हद्दोनाच्या मांडलिकांच्या यादीत आहे, त्यामुळे ही भाषा यरुशलेमेच्या दरबारात पोचली असण्याला सबळ आधार आहे.

येथे मी विद्यार्थ्यांना थांबवतो, कारण छोट्या निबंधात सर्वाधिक घाई याच ठिकाणी होते. साम्य दिसले की नक्कल सिद्ध झाली असे लिहिले जाते. 1954 मध्ये बायबलचे अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी इस्राएलच्या कराराची तुलना अश्शूरशी नव्हे, तर त्याहून कित्येक शतके जुन्या, हित्ती राजांनी मांडलिकांशी केलेल्या तहांशी केली होती. त्या तहांत सुरुवातीला राजाने मांडलिकावर केलेल्या उपकारांचा इतिहास येतो, जसा तो यहोशवाच्या भाषणात येतो. एसर-हद्दोनाच्या शपथेत तो नाही. शाप अश्शूरच्या जवळचे आणि इतिहास सांगण्याची रीत हित्तींच्या जवळची, असा मजकूर एकाच नमुन्यावरून उतरवला गेला असे म्हणता येत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे आहे. सम्राटाने मागितलेली संपूर्ण निष्ठा या ग्रंथाने त्याच सम्राटाच्या शब्दांत देवाकडे वळवली, आणि त्यामुळे कोणत्याही मानवी राजाला तेवढी निष्ठा मागण्याचा हक्क उरला नाही. ज्या समाजाचे राज्य पुढे बुडणार होते, त्याला आपली ओळख राजाविना टिकवता आली ती यामुळे.

त्या ओळखीची खरी कसोटी नहेम्याच्या पुस्तकात दिसते, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच सर्वांत स्पष्ट मिळते. बाबेलच्या बंदिवासानंतर मंदिर पुन्हा उभे आहे, पण स्वतःचा राजा नाही; यहूदा हा इराणच्या पारसी साम्राज्याचा एक लहान प्रांत आहे आणि नहेम्या हा त्या सम्राटाने नेमलेला तिथला सुभेदार. नवव्या अध्यायात एक दीर्घ प्रार्थना आहे. ती सृष्टीपासून निघते, अब्राहाम, मिसर, अरण्य आणि राजे यांच्यावरून जाते आणि शेवटी अशी तक्रार करते की तू आमच्या पूर्वजांना दिलेल्या देशात आज आम्हीच दास आहोत आणि भूमीचे उत्पन्न परक्या राजांकडे जाते. म्हणजे करारापूर्वी इतिहास सांगण्याची जुनी रीत येथे पुन्हा आली आहे, फक्त आता उपकारांच्या जोडीला कबुलीजबाबही आहे. त्यानंतर दहाव्या अध्यायात लेखी करार होतो आणि त्यावर मोहर करणाऱ्यांची 84 नावे दिली आहेत: प्रथम नहेम्या, मग याजक, मंदिराची सेवा करणारे लेवी आणि लोकांचे प्रमुख. उरलेले लोक शाप व शपथ यांनी स्वतःला बांधून घेतात.

कलमे मात्र विलक्षण व्यावहारिक आहेत. देशातल्या अन्य लोकांशी सोयरीक करायची नाही. त्यांनी शब्बाथ या विश्रांतीच्या दिवशी माल विकायला आणला तर घ्यायचा नाही. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि कर्जाची मागणी सोडायची. मंदिराच्या सेवेसाठी दरसाल एक तृतीयांश शेकेल द्यायचा, वेदीसाठी लाकडे आणण्याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवायची, आणि प्रथमफळे व दशमांश पोचवायचे. यांपैकी काही गोष्टी मोशेच्या नियमशास्त्रात जशाच्या तशा सापडत नाहीत. लाकडांची पाळी तिथे नाही, आणि परक्या व्यापाऱ्याकडून शब्बाथ दिवशी विकत घेण्याचा प्रश्नही तिथे उघडपणे आलेला नाही. जुन्या आज्ञेचा अर्थ नव्या परिस्थितीत काय होतो हे समाजाने स्वतः ठरवले आणि त्यावर सह्या केल्या. केवळ वंशाला हे करता आले नसते, कारण दशमांश कोणी कोठे पोचवायचा याचे उत्तर जन्म देत नाही.

तेराव्या अध्यायात नहेम्या राजाकडे जाऊन परत येतो, तेव्हा यातले जवळपास सगळे मोडलेले आढळते. दशमांश न मिळाल्यामुळे लेवी आपापल्या शेतांवर निघून गेले आहेत, शब्बाथ दिवशी द्राक्षकुंडे तुडवली जात आहेत, सोर या बंदरनगरीचे व्यापारी यरुशलेमेत मासे विकत आहेत, आणि अश्दोदी, अम्मोनी व मवाबी बायकांपासून झालेल्या कित्येक मुलांना यहूदी भाषा बोलता येत नाही. दहाव्या अध्यायाची कलमे आणि तेराव्यातले भंग एकमेकांशी इतके जुळतात की तो लेखी करार या भंगांनंतर, त्यांच्यावरचा इलाज म्हणून झाला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. क्रम कोणताही धरला तरी एक गोष्ट उरते: करार पुन्हा पुन्हा होतो तो मुख्यतः मोडल्यावर, आणि मोडलेला करार नव्याने बांधता येतो, ही सोय वंशात नाही.

पण याच करारात त्याचा धोकाही आहे, आणि तो टाळून लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. नवव्या अध्यायाच्या आरंभी इस्राएलचे 'वंशज' परक्यांपासून वेगळे होतात, तर दहाव्यात करारात सामील होणाऱ्यांत 'देशोदेशीच्या लोकांपासून वेगळे होऊन देवाच्या नियमशास्त्राकडे आलेले' सर्व लोक आहेत. दुसरे शब्द बाहेरच्यालाही वाट ठेवू शकतात. प्रत्यक्षात मात्र सोयरिकीचे कलम पहिल्या अर्थाच्या बाजूने झुकते, आणि एज्राच्या दहाव्या अध्यायात तर परक्या बायका व त्यांची मुले घरातून दूर करण्याचाच करार होतो. वंशाची जागा घेण्यासाठी आलेली शपथ येथे वंशाची राखणदार झाली आहे. त्या बायकांचे म्हणणे काय होते याची नोंद कोणी ठेवली नाही, आणि तो अध्याय वाचताना ही उणीव मला दर वेळी टोचते.

तुम्ही निबंध लिहिणार असाल तर नहेम्याशेजारी यशयाचा छप्पन्नावा अध्याय ठेवा. तोही बंदिवासानंतरच्या काळातला आहे असे सामान्यतः मानले जाते. तिथे परमेश्वराशी जोडला गेलेला परका म्हणतो की देव मला आपल्या लोकांतून वेगळे करील, आणि त्याला उत्तर मिळते की जे शब्बाथ पाळतात आणि माझा करार दृढ धरतात त्यांना मी माझ्या पवित्र डोंगरावर आणीन. दोन्ही ठिकाणी मोजमाप एकच आहे, शब्बाथाचे. नहेम्या त्याच मोजमापाने सोरच्या व्यापाऱ्यांना वेशीबाहेर ठेवतो आणि संध्याकाळी दरवाजे बंद करवतो; यशया त्याच मोजमापाने परक्याला मंदिरात घेतो आणि त्याची होमार्पणे वेदीवर मान्य होतील असे सांगतो.