प्लेटलेट चढवल्या, तरी दुसऱ्या दिवशी गायब

धुळ्यात पॅथॉलॉजी लॅब चालवतो. शिंदखेड्याकडची एक पोरगी, विशीतली, पायावर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके, मशीनवर प्लेटलेट ७,०००. एवढा कमी आकडा आला की मी आधी स्लाइड बघतो, कारण रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत कधीकधी प्लेटलेट गुठळ्या करून बसतात आणि मशीन त्या मोजतच नाही. गुठळ्या नव्हत्या. प्लेटलेट मोजक्याच, पण त्यातल्या काही जवळजवळ लाल पेशीएवढ्या मोठ्या, म्हणजे हाडातल्या मॅरोमधून नुकत्या सुटलेल्या. अशा ताज्या प्लेटलेट बारीक नस फाटली की पटकन चिकटतात, म्हणून एवढ्या कमी काउंटवरही पोरगी चालत आली होती.

नातेवाईकांच्या आग्रहाखातर एसडीपीची, म्हणजे एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेटची बॅग चढवली. एरवी एका बॅगेने तीसेक हजार तरी वाढतात, हिचा काउंट दुसऱ्या दिवशी ९,०००. प्लेटलेट साधारण ८-१० दिवस जगते, पण हिला होता आयटीपी, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध अँटीबॉडी बनवतं तो आजार; त्यात अँटीबॉडी चिकटली की प्लीहा तिला काही तासांत खाऊन टाकते, मग ती स्वतःची असो की दात्याची.

स्टेरॉइडने काही झालं नाही म्हणून मॅरो तपासलं, तर प्लेटलेट बनवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशी भरपूर! एकेक पेशी हजारेक प्लेटलेट सोडते, मग तुटवडा का? मॅरोला प्लेटलेट बनवायला लावणारं थ्रोम्बोपोएटिन हे हार्मोन लिव्हर जवळपास एकाच वेगाने बनवतं आणि प्लेटलेट अन् मेगाकॅरिओसाइट ते शोषून घेतात. मॅरो रिकामं असलं की शोषणारं कोणी नसतं, त्यामुळे ते रक्तात खूप साचतं. इथे शोषणाऱ्या पेशी भरपूर, वर मरणारी प्लेटलेट पण आपला वाटा घेऊन जाते, त्यामुळे पातळी नॉर्मलच्या आसपास राहते आणि मॅरोला हवा तेवढा जोर लागत नाही.

म्हणून फिजिशियनने एल्ट्रोम्बोपॅगची ५० मिग्रॅची गोळी सुरू केली. ती पेशीवरच्या थ्रोम्बोपोएटिनच्याच रिसेप्टरला पण दुसऱ्या जागी चिकटते, म्हणून त्याच्याशी भांडण नाही. मेगाकॅरिओसाइट वाढून प्लेटलेट सोडायला दिवस लागतात, त्यामुळे आठवडा-दोन आठवडे थांबावंच लागतं. पण दोन आठवड्यांनी काउंट ९,०००च!

डोस वाढवायचं ठरत होतं. मी सँपल घेताना सहज आईला विचारलं, गोळी कशासोबत देता? ती म्हणे, "मी तं रोज दूधसंगे देस, पोटले आधार!"

घ्या! दुधातलं कॅल्शियम या गोळीला पकडून ठेवतं, आतड्यातून ती शोषलीच जात नाही. लगेच फिजिशियनला फोन लावला. डोस तोच ठेवला, फक्त गोळी रात्री झोपताना, त्याआधी चार तास आणि नंतर दोन तास दूध, ताक, कॅल्शियमची गोळी काही नाही. पुढच्या दोन आठवड्यांत काउंट ६४,००० वर गेला.

आता काउंट आणि लिव्हरची टेस्ट नियमित चालू आहे. पण ही गोळी अँटीबॉडी घालवत नाही, फक्त उत्पादन वाढवते, मनाने बंद केली तर काउंट परत घसरतो, कधी आधीपेक्षाही खाली, हे आईला दोनदा सांगितलंय.