तुझं उत्तर मी ओळखते

‘लांबच्या प्रवासात तासा-दोन तासांत आमचं बोलणं संपतं आणि दोघंही मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. तुम्ही दोघं एवढा वेळ काय खेळता, काय बोलता?’

आमचा लाडका खेळ म्हणजे एकमेकांची उत्तरं ओळखणं. मी स्वतःबद्दल एक प्रश्न विचारते, उत्तर मनात पक्कं करते आणि नवरा ते ओळखतो. मग मी खरं उत्तर सांगते. पुढचा प्रश्न त्याचा. गुण मोजायचे नाहीत. उलट, ज्याचा अंदाज चुकेल त्याला एक जादा प्रश्न विचारायला मिळतो. हा नियम सोडू नका. तो नसला की खेळाची परीक्षा होते आणि ‘इतकी वर्षं झाली, एवढंही माहीत नाही?’ यावर येऊन सगळं बिनसतं.

एकदा मी विचारलं, ‘लहानपणी मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची?’ तो म्हणाला, ‘अंधाराची.’ खरं उत्तर होतं, वर्गात मोठ्याने वाचायची. त्याचा जादा प्रश्न आला, ‘मग तुझी पाळी आली की काय करायचीस?’ मी आधीच बाकं मोजून माझ्या वाट्याचा परिच्छेद शोधायचे आणि तो मनात घोकत बसायचे. हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. अंदाज बरोबर आला असता तर विषय तिथेच मिटला असता.

प्रश्न असा हवा की उत्तर एका व्यक्तीचं, जागेचं किंवा वस्तूचं असेल. ‘तुला आयुष्यात काय हवंय?’ याला ओळखण्याजोगं उत्तर नसतं. ‘शाळेतल्या कोणत्या बाईंना मला आज भेटायला आवडेल?’ किंवा ‘घरातली कोणती वस्तू मी कधीच टाकणार नाही?’ हे चालतात. सुरुवात हलक्या प्रश्नांनी करा. मानसशास्त्रज्ञ आर्थर आरॉन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अनोळखी लोकांच्या जोड्यांना 36 प्रश्न दिले होते, तेही हळूहळू खोल जाणारे आणि दोघांनीही उत्तरं द्यायची असे. नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. म्हणून एकानेच विचारत राहायचं नाही, पाळी बदलायचीच.

रेल्वेत समोरच्या बाकावर लोक असतात, त्यामुळे खासगी उत्तरं आम्ही कागदावर लिहून दाखवतो. गाडीत मात्र चालवणाऱ्याला फक्त बोलायचं काम. गर्दी, वळणं किंवा पाऊस आला की खेळ थांबतो. पैसे, सासर-माहेर, जुनी भांडणं हे विषय आम्ही गाडीत काढत नाही, कारण आवाज चढला की रस्त्यावरचं लक्ष उडतं. समोरचा एका शब्दात उत्तरं देऊ लागला, तर तो दमलाय असं समजा आणि त्याला झोपू द्या.