बोळ नकाशावर आला, पण शोधात सापडेना: ओपनस्ट्रीटमॅपचा माझा अनुभव

सांगलीच्या गावभागात आमची तीन मजली इमारत आहे, श्रीनिवास. फाटक उघडतं निंबाच्या बोळात, आणि मागची भिंत मारुती गल्लीला टेकलेली. बोळ इतका अरुंद की समोरून स्कूटर आली तर आपण भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आईचं खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झाल्यावर घरी फिजिओथेरपीसाठी एक ताई येऊ लागल्या. त्यांच्या संस्थेच्या ॲपमध्ये पत्ता हाताने लिहिता येत नाही, शोधून यादीतून निवडावा लागतो. त्या ॲपमागचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशाचा, आणि त्यात आमचा बोळही नव्हता, इमारतही नव्हती. पहिल्या आठवड्यात ताई तीन वेळा मारुती गल्लीत, आमच्या मागच्या भिंतीसमोर उभ्या राहून फोन करत होत्या. तेव्हा ठरवलं, हे आपणच नकाशावर घालायचं.

घालणं सोपं आहे, त्यात फार वेळ दवडत नाही. openstreetmap.org वर खातं उघडायचं, आपल्या भागावर झूम करायचं, Edit दाबायचं. उपग्रहाचं चित्र समोर येतं. त्यावर रेघ ओढली की रस्ता, कोपऱ्यांवर क्लिक करून चौकोन पूर्ण केला की इमारत. इमारत निवडून Q दाबलं की कोपरे काटकोनात येतात. बोळाचं दुसरं टोक मोठ्या रस्त्याच्या रेघेवर नेमकं टेकवायचं, दोन्हींचा बिंदू एकच झाला पाहिजे. नुसतं जवळ आणून सोडलं तर डोळ्यांना जोडलेलं दिसतं, पण वाट शोधणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने तो बोळ कुठेच जोडलेला नसतो. प्रकार निवडताना मी Alley घेतलं. Footway घेतलं असतं तर दुचाकीला त्या बोळातून वाट दाखवली गेली नसती.

अर्ध्या तासात हे झालं. सेव्ह केल्यावर काही मिनिटांत बोळ नकाशावर दिसायला लागला. (दिसला नाही तर ब्राउझरमध्ये जुनं चित्र साठलेलं असतं. Ctrl+Shift+R दाबून पाहा.) मी आईला मोबाईलवर दाखवलं, तिने बोट ठेवून आपलं घर ओळखलं. मला वाटलं, काम झालं.

मग शोधाच्या चौकटीत "निंबाचा बोळ" टाइप केलं. काही नाही. इंग्रजीत टाकलं, काही नाही.

पहिलं कारण लवकर कळलं. बोळाचं नाव मी रिकामं सोडलं होतं, स्पेलिंग नीट ठरवून नंतर भरू म्हणून. ओपनस्ट्रीटमॅपचा शोध नॉमिनॅटिम नावाचा प्रोग्राम करतो. बिननावाचे बोळ आणि पायवाटा तो आपल्या यादीत घेतच नाही. इमारतीचंही तसंच आहे: ना नाव, ना घर क्रमांक, नुसता चौकोन असेल तर तो चित्रात दिसेल, पण शोधात कधीच येणार नाही. नकाशा रंगवणारा प्रोग्राम वेगळा आणि शोधणारा वेगळा, हे तेव्हा डोक्यात बसलं. गल्ली डोळ्यांना दिसते म्हणून ती सापडेल असं नाही.

दोन्ही नावं भरली. बोळाच्या तोंडाशी किराणा दुकानाच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने "निंबाचा बोळ" लिहिलेलं आहे, ळ अर्धा उडालाय, पण वाचता येतो. त्याचाच आधार घेतला. आजूबाजूच्या गल्ल्यांचं मुख्य नाव इंग्रजी लिपीत होतं, म्हणून name या मुख्य नावात Nimbacha Bol आणि name:mr या मराठी नावात देवनागरी. दहा मिनिटांनी शोधलं, बोळ सापडला. श्रीनिवासही सापडली. पण निकालात लिहिलं होतं: Shrinivas, Maruti Galli.

मारुती गल्ली! ज्या गल्लीत ताई उभ्या राहून फोन करायच्या तीच. आता नकाशाच अधिकृतपणे चुकीचा पत्ता सांगत होता. "श्रीनिवास, निंबाचा बोळ" असं एकत्र शोधलं तर उत्तर शून्य. दोन्ही वेगवेगळे सापडतात, एकत्र नाही. मी इमारत पुसून पुन्हा काढली. (हे करू नका. जुन्या वस्तूचा इतिहास जातो आणि फायदा काहीच होत नाही. आहे तीच वस्तू दुरुस्त करायची.) पुन्हा मारुती गल्ली. चौकोन थोडा बोळाकडे सरकवावा असंही मनात आलं, आणि तो मोह मी टाळला हे बरं झालं. इमारत जिथे आहे तिथेच दाखवायची. शोध नीट यावा म्हणून जागा खोटी केली तर नकाशा वापरणाऱ्या सगळ्यांचं नुकसान.

तीन दिवस मी यात अडकून होते. रात्री आईला औषध देऊन झालं की लॅपटॉप उघडायचा आणि तेच शोधायचं. राग याचा येत होता की चूक कुठे आहे हे समोर कुणी सांगत नाही. सेव्ह होतं, हिरवी खूण येते, सगळं व्यवस्थित असल्यासारखं वाटतं.

शेवटी मी माझ्या बदलाखाली प्रश्न लिहिला. प्रत्येक सेव्हचं एक पान तयार होतं, त्याला चेंजसेट म्हणतात, आणि तिथे कोणीही टिप्पणी करू शकतो. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं नकाशे काढणाऱ्या एकाने दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर दिलं. ते असं: नॉमिनॅटिमला तुमचं फाटक दिसत नाही. इमारतीच्या पत्त्यात रस्त्याचं नाव दिलेलं असेल, तर तो त्या नावाचा रस्ता जवळपास शोधतो. नाव दिलेलं नसेल किंवा जुळलं नाही, तर अंतराने सर्वात जवळचा रस्ता धरतो आणि इमारत त्याच्या नावे लावतो.

आमची मागची भिंत मारुती गल्लीला टेकलेली. बोळ आणि इमारत यांच्यामध्ये मात्र अंगण आहे. म्हणजे मोजपट्टीने मारुती गल्लीच जवळची.

पण मी पत्ता दिला होता! रस्त्याच्या चौकटीत नीट लिहिलं होतं. त्यांनी तेच दाखवलं: मी लिहिलं होतं "Nimbacha Bol, Gaon Bhag". पाकिटावर लिहावं तसं. रस्त्याचं नाव मात्र नुसतं Nimbacha Bol. दोन्ही जुळत नाहीत, म्हणून माझा पत्ता बाजूला पडला आणि अंतराचा नियम लागू झाला. या चौकटीत फक्त रस्त्याचं नाव, रस्त्यावर जसं आहे अगदी तसंच. त्यावर क्लिक केलं की जवळच्या रस्त्यांची नावं खाली उघडतात. टाइप न करता त्यातून निवडायचं, म्हणजे स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही. भाग आणि शहर यांची गरज बहुतेक वेळा नसते, त्या हद्दी नकाशात असतील तर नॉमिनॅटिम स्वतः जोडतो.

दुरुस्तीनंतर इमारतीवर एवढंच राहिलं:

```
building=apartments
name=Shrinivas
name:mr=श्रीनिवास
addr:street=Nimbacha Bol
```

घर क्रमांक असेल तर addr:housenumber मध्ये घालावा. आमच्या इमारतीवर तो कुठे लिहिलेला नाही, म्हणून अंदाजाने घातला नाही.

सेव्ह केलं, चहा ठेवला, परत येऊन शोधलं. Shrinivas, Nimbacha Bol. मी आईला हाक मारली. तिला नॉमिनॅटिम काय समजणार, पण माझा चेहरा बघून तीही हसली.

तुमच्या बाबतीत नेमकं काय होतंय हे बघायचं असेल तर nominatim.openstreetmap.org वर शोधा आणि निकालाशेजारचं details उघडा. त्या वस्तूचा पत्ता कोणकोणत्या ओळींनी बनलाय, कोणत्या रस्त्याला ती बांधली गेलीय, हे तिथल्या तक्त्यात दिसतं. हे पान मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर तीन रात्री वाचल्या असत्या. चुकीची गल्ली दिसली की समजायचं: पत्त्यात रस्त्याचं नाव दिलेलं नाही किंवा ते जुळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सुचवली. पत्ता बरोबर आला तरी वाट दाखवताना बरीच ॲप्स पिनपासून सर्वात जवळच्या रस्त्यापर्यंतच नेतात, आणि आमची पिन तर इमारतीच्या मध्यावर. म्हणजे बाण पुन्हा मारुती गल्लीत. त्यावर उपाय, अंगणातली खरी वाट काढणं. बोळाच्या रेघेवरून फाटकातून जिन्याच्या दारापर्यंत एक छोटी पायवाट काढली, तिचं टोक इमारतीच्या कडेवर टेकवलं आणि त्या बिंदूला entrance=main, म्हणजे मुख्य दार, अशी खूण दिली. आता चालत येणाऱ्यासाठी पिनपासून ही पायवाट मागच्या गल्लीपेक्षा जवळ आहे. शिवाय यात खोटं काही नाही, ती वाट खरोखर आहे.

सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते आता आठवलं: उपग्रहाचं चित्र जागेवरून थोडं सरकलेलं असू शकतं. माझी पहिली रेघ शेजारच्यांच्या घरातून जात होती, कारण आजूबाजूचे रस्ते वेगळ्या चित्रावरून काढलेले होते. Background मध्ये जाऊन दुसरं चित्र लावून पाहा आणि आधीच्या रस्त्यांशी ताडून घ्या. मोबाईलचं जीपीएस घेऊन बोळातून चाललात तरी उंच भिंतींमध्ये रेघ वेडीवाकडी येते, तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका. आणि गूगल मॅप्सवरून नाव किंवा आकार उतरवू नका. त्याचा परवाना तशी मुभा देत नाही, आणि असं घातलेलं काढून टाकलं जातं. स्वतः पाहिलेलं, भिंतीवर वाचलेलं, शेजाऱ्यांना विचारलेलं चालतं. लोक दुसऱ्याच नावाने ओळखत असतील तर ते alt_name मध्ये घाला, शोधात तेही सापडतं.

संस्थेच्या ॲपमध्ये मात्र पत्ता लगेच आला नाही. अशी ॲप्स नकाशाची स्वतःची प्रत ठेवतात आणि ती आपल्या सवडीने बदलतात, त्यावर आपला इलाज नाही. पाच आठवडे मी दर सोमवारी तपासत होते. सहाव्या सोमवारी यादीत श्रीनिवास आली. त्या दिवशी नेहमीच्या ताई रजेवर होत्या, बदली म्हणून दुसऱ्याच आल्या, आधी कधी न आलेल्या. फोन वाजला नाही. थेट अंगणातली बेल वाजली.