एका एलडीच्या पत्राचा हिशेब

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकहाउसच्या कामात मालकाचा सल्लागार अभियंता म्हणून फायनल बिल माझ्या टेबलावर आलं, तेव्हा त्याला अकाउंट्सने तयार केलेलं एलडीचं, म्हणजे उशिराबद्दल करारात आधीच ठरलेल्या भरपाईच्या कपातीचं, पत्र टाचलेलं होतं. पत्र चार ओळींचं. काम 94 दिवस उशिरा झालं, सबब 19,82,400 रुपये कापले. कलम नाही, दर नाही, कमाल मर्यादेचा उल्लेख नाही. अकाउंट्सवाल्यांना आकडा जुळला की पत्र झालं असं वाटतं. ठेकेदाराच्या वकिलाला मात्र असं पत्र म्हणजे आयतं घबाड.

करार 2 कोटी 40 लाखांचा, जीएसटी वेगळा. कलम 38 असं: मुदतीनंतर दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला कराररकमेच्या अर्धा टक्का, कमाल पाच टक्के. सरकारी कामांच्या करारात सहसा दहा टक्के दिसते. इथे दर खाली यावेत म्हणून वाटाघाटीत मालकाने स्वतःच पाच मान्य केली होती. अर्ध्या टक्क्याने आठवड्याला 1,20,000 होतात आणि मर्यादा 12,00,000. अकाउंट्सने जीएसटीसह 2,83,20,000 धरून आठवड्याला 1,41,600 काढले आणि 94 दिवसांचे 14 आठवडे लावले. कलमात ‘जीएसटी वगळून कराररक्कम’ असं स्वच्छ लिहिलंय, ते कोणी उघडून पाहिलं नाही.

पहिला प्रश्न, उशीर कुठून मोजायचा? मूळ मुदत 31 जानेवारी. ठेकेदाराने 40 दिवसांची वाढ मागितली होती. त्यातले 18 दिवस खरे होते. ट्रान्स्फॉर्मरची जागा मालकाने बदलली आणि सुधारित ड्रॉइंग उशिरा दिलं, तोवर केबलचा चर खणताच येत नव्हता. उरलेले 22 दिवस शिमग्याचे. पालखी गावात आली की साइटवर एक माणूस टिकत नाही, हे कोकणात पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच तो ‘अनपेक्षित अडथळा’ होत नाही. तारीख पंचांगात असते, टेंडर भरताना ती धरायची. 18 दिवस लेखी मंजूर केले, मुदत 18 फेब्रुवारी झाली आणि एलडी 19 फेब्रुवारीपासून लागू. मालकाच्या बाजूचे दिवस वजा न करता मूळ तारखेपासून मोजलं, तर आकडाच नाही, सगळी कपात वादात सापडते.

मुदतवाढीच्या पत्रात एक वाक्य मुद्दाम होतं: ‘यापुढील विलंबाबद्दल कलम 38 नुसार भरपाई आकारण्याचा मालकाचा हक्क राखून ठेवण्यात येत आहे.’ भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 55 नुसार, वेळ महत्त्वाची ठरलेल्या करारात उशिराचं काम मान्य करताना भरपाईचा इरादा कळवला नाही, तर नंतर ती मागता येत नाही. आणि मालकाच्या मुलाने मार्चमध्ये व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं, ‘काही हरकत नाही, मार्चअखेर द्या.’ असला मेसेज एकटा उभा असता, तर ठेकेदाराने त्याचीच प्रिंट पुढे केली असती.

दुसरा प्रश्न, संपलं कधी? ठेकेदार म्हणतो 22 एप्रिल, कारण शीतगृहाच्या भिंतींचे पफ पॅनल उभे राहिले आणि कॉम्प्रेसर फिरला. करारात पूर्णतेची कसोटी वेगळी होती: शीतगृह सलग 72 तास 13 अंशांवर राहिलं पाहिजे. हापूसला त्याहून फार थंड केलं तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही, म्हणून हा आकडा. पहिल्या चाचणीत तापमान रात्री उतरायचं आणि दुपारी चढायचं. कारण शोधायला आतले दिवे बंद करून एक माणूस आत उभा केला आणि दाराच्या कडेने बाहेरून बॅटरी फिरवली. खालच्या कोपऱ्यातून प्रकाशाची रेघ दिसली. दाराचं रबरी गॅस्केट तिथे चौकटीला टेकतच नव्हतं, कारण उंबऱ्यापाशी फरशी उंच झाली होती. फरशी घासली, गॅस्केट बदललं, पुन्हा चाचणी झाली. 72 तासांची नोंद 5 मेला पूर्ण झाली. तीच पूर्णतेची तारीख.

तिसरा मुद्दा मालकाला सर्वांत कडू लागला. पॅकिंग हॉल आणि ऑफिस, मिळून 90 लाखांचं काम, मालकाने 1 एप्रिललाच वापरात घेतलं होतं. हंगाम तोंडावर, पेट्या भरायला जागा हवी. करारात म्हटलंय की जो भाग मालक ताब्यात घेईल, त्याच्या किमतीच्या प्रमाणात पुढची एलडी कमी होईल. ‘शीतगृहाशिवाय हॉल घेऊन काय करू?’ हा त्यांचा सवाल भावनेने बरोबर, पण त्याच हॉलमध्ये आंब्याच्या पेट्या रचलेले फोटो होते आणि ते मालकानेच गटावर टाकले होते.

मग पत्रात हिशेब असा मांडला: 19 फेब्रुवारी ते 1 एप्रिल, 42 दिवस म्हणजे 6 आठवडे, आठवड्याला 1,20,000 प्रमाणे 7,20,000. पुढे 2 एप्रिल ते 5 मे, 34 दिवस. हे 4 आठवडे आणि 6 दिवस, कलमाप्रमाणे 5 आठवडे धरले. उरलेल्या 1 कोटी 50 लाखांवर आठवड्याला 75,000, म्हणजे 3,75,000. एकूण 10,95,000. मर्यादा 12,00,000 असल्याने ती लागू होत नाही, आणि लागू होत नाही हेही पत्रात लिहायचं, नाहीतर पुढचा वाचणारा ती विसरली असं समजतो. हॉल ताब्यात घेतला नसता, तर 76 दिवसांचे 11 आठवडे, 13,20,000 झाले असते आणि 12 लाखांवर अडले असते.

पत्रात आणखी दोन ओळी होत्या. ठेकेदाराचं बिल पूर्ण रकमेचंच राहील, जीएसटीही पूर्ण रकमेवर. एलडी देय रकमेतून वळती होईल. एलडीवर वेगळा जीएसटी लावायचा नाही, कारण करारभंगाच्या भरपाईपोटी आलेली अशी रक्कम हा सेवेचा मोबदला नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. दुसरी ओळ: हरकत असल्यास 15 दिवसांत पुराव्यासह कळवा.

मालकाने बाहेरच्या शीतगृहाला हंगामभर दिलेल्या भाड्याच्या पावत्या मात्र पत्राला न जोडता फाइलमध्ये ठेवल्या. करार अधिनियमाच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची हद्द असते, मिळते ती वाजवी भरपाई. ‘नुकसान झालंच नाही’ असा पवित्रा ठेकेदाराने घेतला, तर या पावत्या काढायच्या. पण त्यांची बेरीज 10,95,000 च्या वर जाते, आणि ठरलेल्या एलडीपलीकडचं मागता येत नाही. हे मालकाला अजून पचलेलं नाही.

ठेकेदाराचं उत्तर दहाव्या दिवशी आलं. दिवसांवर वाद नाही. एवढंच म्हणणं, की 12 लाखांचं मुख्य विद्युत पॅनल हॉल आणि शीतगृह दोघांना सामायिक आहे, ते सगळं शीतगृहाकडे का धरलं? अर्धं हॉलकडे नेलं तर 6 लाखांवर अर्धा टक्का, पाच आठवडे, म्हणजे 15,000 रुपये कपात कमी. बीओक्यूमध्ये, म्हणजे कराराच्या कामनिहाय परिमाण-दर यादीत, पॅनलची ओळ शीतगृहाखाली आहे, पण वायरिंग नकाशात हॉलचा फीडर त्याच पॅनलमधून निघतो. माझ्या मते त्याचं बरोबर आहे. मालक ‘एक रुपया सोडणार नाही’ म्हणून बसलेत, आणि त्या 15,000 साठी फायनल बिल अजून अडलेलं आहे.