चार भेटी, एकच प्रश्न आणि बदलत जाणारी उत्तरं : पॅनेल सर्व्हेचा माझा अनुभव

सोलापुरात घरोघरी जाऊन करायच्या एका रोजगार सर्व्हेत फील्ड सुपरविजन आणि डेटा चेकिंग अशी दोन्ही कामं माझ्याकडे होती, आणि त्यातला जो भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो कुणी फारसा मराठीत लिहीत नाही म्हणून लिहितेय. तो म्हणजे पॅनेल कंडिशनिंग. एकाच माणसाला तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले की त्याची उत्तरं बदलायला लागतात, आणि त्याच्या आयुष्यात काही बदल झाला म्हणून नाही, तर आपण विचारलं म्हणून.

आधी रचना सांगते. सरकारचा देशभरातला रोजगार सर्व्हे, म्हणजे पीएलएफएस, २०१७ला सुरू झाला तेव्हापासून २०२४ पर्यंत शहरात जसा चालायचा तशीच आमची पद्धत होती, म्हणजे एक घर निवडलं की तीन-तीन महिन्यांच्या अंतराने चार वेळा जायचं, मग ते सोडून द्यायचं आणि त्याच्या जागी नवीन घर घ्यायचं (२०२५च्या जानेवारीपासून पीएलएफएसमध्ये हे दर महिन्याला झालंय, सलग चार महिने, आणि ग्रामीण भागातही). यामुळे कुठल्याही एका तिमाहीत साधारण पाव घरं पहिल्यांदा भेटलेली असतात, पाव दुसऱ्यांदा, पाव तिसऱ्यांदा आणि पाव चौथ्यांदा. ही गोष्ट डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे.

मुख्य प्रश्न असा की मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास तरी कमाईचं काम केलं का. एक तास केलं असेल तरी ती व्यक्ती कामात धरायची, नियमच तसा आहे. आता सोलापुरात हे बायकांना विचारलं की काय होतं बघा. विड्या वळणारी बाई पहिल्या भेटीतच ठामपणे हो म्हणते, कारण पानं-तंबाखू घेऊन यायचं, वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, हजाराच्या हिशोबाने मजुरी, सगळं मोजलेलं असतं. पण जी बाई घरी कडक भाकरी करून दोन-चार दुकानांना देते, किंवा युनिफॉर्म शिवणाऱ्याकडून काज-बटणाचा गठ्ठा घरी आणते, ती म्हणते "काम कुठलं ताई, घरीच असते की मी." म्हणून आम्ही पुढे एकेक विचारायचो, शिवण? फॉल-पिको? भाकरी, चटणी, पापड विकायला? कुणाच्या घरी धुणी-भांडी? आणि यातल्या ज्याला हो आलं त्याच्या मागे लगेच आठ-दहा प्रश्न, किती तास, कुणासाठी, पैसे कसे मिळतात, माल कुणाचा, वगैरे.

पहिल्या भेटीत नाही म्हणणाऱ्या बऱ्याच बायका तिसऱ्या भेटीत आपणहून हो म्हणायला लागल्या. विजापूर रोडकडच्या एका काकूंनी तर आमची सर्व्हे करणारी मुलगी टॅब उघडायच्या आत सांगितलं, "भाकऱ्या लिही गं, या हप्त्यात चार दिवस केल्यात." त्यांच्या कामात काडीचा फरक पडला नव्हता, आधीपासून भाकऱ्या करतच होत्या, फक्त आमच्या लेखी ते काम धरतात हे त्यांना दोन भेटींत कळलं होतं. हे चांगलंच झालं म्हणायचं, उत्तर खऱ्याच्या जवळ आलं.

पण त्याच गल्लीत उलटंही चाललेलं. एक ताई काज-बटण करायच्या आणि शिवाय सकाळी एका घरी स्वयंपाकाला जायच्या. पहिल्या भेटीत दोन्ही सांगितलं, दोन्हीच्या मागे प्रश्नांची रांग लागली, मुलाची शाळेची वेळ झाली, त्या वैतागल्या. दुसऱ्या भेटीत फक्त स्वयंपाक. चौथ्या भेटीत "काही नाही आता" म्हणाल्या आणि बाजूला काज केलेल्या शर्टांचा ढीग होता, मी सोबत होते म्हणून दिसला, नुसत्या डेटात कधीच दिसला नसता. हो म्हटलं की वेळ जातो, नाही म्हटलं की सुटका, हे कुणीही दोन भेटींत शिकतं आणि यात त्या ताईंचा काहीच दोष नाही, प्रश्नावलीच ते शिकवते.

आता मुद्दा असा की हे दोन्ही एकत्र चालू असतं. समजा शंभर बायकांपैकी पहिल्या भेटीत ३० जणी कामात आहेत, आणि चौथ्या भेटीत पण ३०. रिपोर्टमध्ये काय दिसणार, सगळं स्थिर. पण आयडी जुळवून एकेकीची दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली तर कळतं की यातल्या ८ जणी हो वरून नाही वर गेल्या आणि दुसऱ्याच ८ जणी नाही वरून हो वर आल्या. बेरीज तीच पण माणसं बदलली. (आकडे समजावण्यापुरते आहेत.) आणि याच डेटावरून कुणी काढलं की बायका दर तिमाहीला कामात येतात-जातात, तर ती ये-जा बरीचशी कागदावरचीच असू शकते. मला यातलं हे सगळ्यात धोक्याचं वाटतं, टक्केवारी हलली असती तर निदान शंका तरी आली असती.

मग हे ओळखायचं कसं. एकाच बाईची पहिली आणि चौथी भेट नुसती शेजारी ठेवून भागत नाही, कारण मधे नऊ महिने गेलेत, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी युनिफॉर्मचं काम वाढतं आणि नंतर उतरतं, लग्नसराईत शिवण वाढतं, तर खरा बदल कुठला आणि कंडिशनिंग कुठलं हे वेगळं होत नाही. इथे ती पाव-पाव रचना कामी येते. एकच तिमाही घ्यायची आणि त्यात पहिल्या भेटीची घरं आणि चौथ्या भेटीची घरं यांची तुलना करायची. सीझन दोघांना सारखाच, शहर तेच, दोन्ही गट त्याच पद्धतीने निवडलेले, फरक एवढाच की एका गटाने हे प्रश्न आधी तीनदा ऐकलेत.

आम्ही हे कामाच्या प्रकारानुसार वेगळं करून पाहिलं आणि तिथेच चित्र उघडलं. विडीच्या कामात जुन्या-नव्या घरांत फरक जवळपास नाही. घरगुती खाण्याच्या वस्तू आणि शिवण यात जुन्या घरांत हो जास्त. आणि दुसरं काम, म्हणजे एकीच्या नावावर दोन कामं, हे भेटीगणिक कमी होत गेलं. मुलाखतीची वेळ टॅबमध्ये आपोआप नोंदली जाते, ती पण भेटीगणिक कमी. थोडी कमी होणारच, माणसं सरावतात, पण वेळ आणि दुसरं काम दोन्ही एकाच घरांत एकदम घसरत असतील तर तिथे सुटका करून घेणं चाललंय असं समजायला हरकत नाही.

एक अडचण मात्र राहते. चौथ्या भेटीपर्यंत टिकलेली घरं म्हणजे सगळी घरं नव्हेत. काही जण घर बदलतात, काही जण दार उघडत नाहीत, आणि बाहेर कामाला जाणारी बाई दुपारी सापडतच नाही म्हणून तीच जास्त गळते. म्हणजे चौथ्या भेटीत काम कमी दिसलं तर ते कंडिशनिंग नसून गळतीही असू शकते. यासाठी आम्ही टिकलेल्या आणि गळलेल्या घरांची फक्त पहिल्या भेटीची उत्तरं काढून शेजारी ठेवली. ती सारखी असती तर प्रश्न नव्हता, पण आमच्याकडे बाहेर काम करणाऱ्या गळलेल्यांत जास्त होत्या, त्यामुळे टिकलेल्यांतल्या बाहेर काम करणाऱ्यांची उत्तरं जास्त वजनाने मोजून गट पुन्हा समतोल केला आणि मगच नव्या घरांशी तुलना केली. त्यानंतरही दुसऱ्या कामातली घसरण उरली, तेवढी मी कंडिशनिंगच्या खात्यात धरते.

ही काळजी काही नवी नाही. १९४० साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या इरी काउंटीत पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी निवडणुकीच्या काळात ६०० मतदारांना महिन्यामागून महिना भेटी दिल्या, आणि वारंवार विचारल्यानेच मतं बदलतील ही शंका त्यांना तेव्हाच होती, म्हणून ६००-६००चे आणखी तीन गट ठेवले ज्यांना पहिल्या भेटीनंतर फक्त एकदाच गाठलं. अमेरिकेच्या सरकारी रोजगार सर्व्हेतही पहिल्या महिन्यातल्या घरांत बेरोजगारी नंतरच्या महिन्यांपेक्षा जास्त दिसते, बार्बरा बेलर यांनी १९७५ मध्ये यावर लिहिलंय. आता मग पहिली भेटच खरी मानायची का? माझं स्पष्ट उत्तर आहे, नाही. आमच्या भाकरीवाल्या काकू पहिल्या भेटीत चुकीच्या नोंदल्या गेल्या आणि तिसऱ्या भेटीत बरोबर, काज-बटणवाल्या ताईंचं नेमकं उलटं. आणि पीएलएफएसच्या आकड्यांवर कुणी असलं काही करायला जाणार असेल तर एक सांगते, शहरातल्या त्या चार भेटींत पहिल्या भेटीची प्रश्नावली मोठी आणि पुढच्या भेटींची छोटी होती, त्यामुळे तिथला फरक सगळाच कंडिशनिंगचा म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार आमच्याकडे कमी दिसला पण मला त्याचाच जास्त विचार करावासा वाटतो. शिवण करणाऱ्या एका वहिनींना दर वेळी विचारायचो की दोऱ्याचा खर्च किती, ब्लाऊजमागे किती सुटतात. त्यांनी मग वही ठेवायला सुरुवात केली, आणि हिशोब बघून शिलाई वाढवली. म्हणजे इथे नुसतं उत्तर बदललं नाही, वागणंच बदललं, त्यांची कमाई खरोखर वाढली आणि ती वाढ आमच्या प्रश्नांनी आणली. २०११ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात केनियात हेच दिसलं होतं, मुलांच्या जुलाबाबद्दल ज्या घरांना जास्त वेळा विचारलं त्यांच्यात पाण्यात क्लोरीन टाकणं वाढलं. त्याच अभ्यासात छोट्या कर्जांच्या बाबतीत मात्र विचारण्याचा काही परिणाम आढळला नाही. मला हे पटतं, पाणी शुद्ध करायचं असतं हे माहीत असूनही राहून जातं, प्रश्नाने ते आठवतं, कर्जाची गरज आठवून द्यावी लागत नाही.

पुढच्या फेरीसाठी आम्ही दोन बदल केले. एक, आधी सगळे हो-नाहीचे प्रश्न ओळीने विचारून संपवायचे आणि मगच हो आलेल्यांचे तपशील घ्यायचे, म्हणजे पहिल्या भेटीत तरी हो ची किंमत मधेच कळत नाही. दुसऱ्या भेटीपासून याचा उपयोग कमी होतो, कारण आता त्यांना शेवटी काय येणार ते माहीत असतं, म्हणून तपशीलाचे प्रश्नही निम्मे केले आणि दुसऱ्या कामाला फक्त तास आणि पैसे एवढंच ठेवलं. मागच्या वेळचं उत्तर वाचून दाखवायचं की नाही यावर बराच वाद झाला. "मागच्या वेळी शिवण सांगितलं होतं, अजून चालू आहे का" असं विचारलं की खोटी ये-जा कमी होते हे खरं, पण पहिल्यांदा निसटलेलं काम कायमचं निसटतं, शिवाय "हो तेच" म्हणून मोकळं व्हायची सवय लागते. शेवटी ठरलं की आधी कोरा प्रश्न विचारायचा, आणि मागच्या उत्तराशी जुळलं नाही तरच टॅब ते दाखवेल आणि कारण विचारेल.

आणि डेटा फाइलमध्ये भेट क्रमांकाचा कॉलम, जो आधी अंतिम फाइल करताना काढून टाकला जायचा, तो आता ठेवतो. वहिनींसारख्या, हिशोब ठेवायला लागलेल्या घरांना वेगळी खूण केलीय आणि कमाईचे आकडे त्या घरांसह आणि त्यांच्याशिवाय असे दोन्ही देतो. काही भागांत एकदाच भेटून सोडून द्यायची जादा घरंही आता दर तिमाहीला घेतोय. खर्च वाढलाय आणि त्यावरून ऑफिसात कुरबुर चालू आहे, पण या घरांचा कोटा मी कमी करू दिलेला नाही.